फ्रिजचा फोटो आणि खाली एकच शब्द: ‘जेवण?’

संध्याकाळचे साडेसात-आठ वाजले की हल्ली बऱ्याच घरांच्या ग्रुपवर एक ठरावीक मेसेज येतो. फ्रिजचं दार उघडून एका कप्प्याचा काढलेला फोटो आणि त्याखाली एकच शब्द, ‘जेवण?’. पाठवणारा पुण्यात नाहीतर बंगलोरला फ्लॅटवर राहणारा भाचा असतो, कधी ऑफिसमधून आधी घरी पोचलेला नवरा असतो. मी फूड टेक्नॉलॉजी शिकले म्हणून असले फोटो माझ्याकडे जरा जास्तच येतात, आणि सगळ्यांना वाटतं की याचं उत्तर द्यायला शंभर रेसिप्या पाठ पाहिजेत. पण रेसिपीचा भाग सगळ्यात सोपा असतो हो, खरी गंमत त्याच्या आधी आहे. फोटोत दिसतंय त्यातलं खात्रीचं किती आणि अंदाजाचं किती हे वेगळं काढता आलं पाहिजे, कारण चुकलं तर एकदा नुसतं जेवण बेचव होतं आणि एकदा रात्री दोन वाजता ओकाऱ्या होतात.

तो एक शब्द काय मागतोय

मेसेज करणारा भुकेला आहे, दमलाय, बाजारात जायची इच्छा नाहीये, आणि त्याला आज, आत्ता, जे आहे त्यातूनच काहीतरी हवंय. म्हणजे उत्तरात एक ठाम पदार्थ पाहिजे. ‘पनीर टिक्का कर, फक्त सिमला मिरची आणि घट्ट दही आण’ हे उत्तर नाही, ही पिशवी घेऊन खाली पाठवायची यादी झाली. आणि उलट सात प्रश्न विचारणं हेही उत्तर नाही. किती जण आहात, कणीक आहे का, गॅस आहे की इंडक्शन, तिखट चालतं का… तिसऱ्या प्रश्नाला तो बाहेरून मागवून मोकळा होतो.

मी एक नियम धरलाय. जे नक्की आहे त्यावर जेवण उभं करायचं आणि जे नक्की नाही ते वरून घालायचं. म्हणजे शंकेची वस्तू खराब निघाली तरी जेवण होतंच, आणि चांगली निघाली तर जेवण आणखी बरं होतं. पुढचं सगळं या एका गोष्टीचा विस्तार आहे.

फोटोत काय असतं आणि काय नसतं

फ्रिजचा फोटो म्हणजे पासबुकातली शेवटची ओळ. शिल्लक दिसते, व्यवहार दिसत नाहीत. वाडग्यात भात आहे हे दिसतं, पण तो दुपारचा की परवाचा, फ्रिजमध्ये जायच्या आधी ओट्यावर किती वेळ पडून होता, मधे लाईट गेली होती का, यातलं काहीही फोटोत नसतं. आणि खाण्याच्या बाबतीत बहुतेक धोका त्या न दिसणाऱ्या व्यवहारातच असतो.

त्यामुळे शंका दोन जातीच्या असतात आणि त्यांची सरमिसळ करू नये. एक, वस्तू आहे तरी काय? पांढरं दिसतंय ते दही की डोशाचं पीठ? ही शंका झाकण काढून चमचा घातला की दहा सेकंदात मिटते. दुसरी, वस्तू काय आहे ते माहितीये पण ती खाण्यालायक आहे का? इथे कधीकधी कितीही निरखून बघितलं तरी कळत नाही, तिचा इतिहास माहीत असणाऱ्यालाच विचारावं लागतं आणि तोही नसेल तर वस्तू सोडून द्यावी लागते.

हा घ्या एक फोटो

भाच्याने पाठवलेला, मधला कप्पा, फ्लॅटवर तिघं पोरं. डावीकडून सांगते. आईस्क्रीमचा मोठा प्लास्टिकचा डबा, झाकण लावलेलं. काचेच्या बोलमध्ये भात, वर काहीच झाकलेलं नाही. अर्धा कोबी, कापलेली बाजू समोर. एका भांड्यात पाच अंडी आणि शेजारच्या वाटीत वेगळी ठेवलेली दोन. तीन टोमॅटो, एक जरा मऊ पडलेला. पेपरात गुंडाळलेली कोथिंबीर, देठ बाहेर आलेले, आणि त्याच पेपरातून डोकावणाऱ्या मिरच्या. स्टीलचं एक पातेलं, त्यात पांढरं, घट्ट काहीतरी. मागे पनीरचं पाकीट, तोंड फोडून दुमडलेलं. बस.

खात्रीचं काय? कोबी, टोमॅटो, मिरच्या, कोथिंबीर आणि पाच अंडी. कोबीची कापलेली कड करडी-तपकिरी झाली होती, पण ते हवा लागल्यामुळे होतं, अर्धा सेंटीमीटर काप काढून टाकला की आतला कोबी ठीक असतो. मऊ टोमॅटोची साल फुटलेली नसेल तर तो शिजवायला उलट बरा. आता अंडी. पाच एका भांड्यात आणि दोन वेगळी, असं कोण ठेवतं? बहुतेक वेळा वेगळी ठेवलेली उकडलेली असतात. टेबलावर गिरकी द्यायची, उकडलेलं अंडं सुळकन फिरतं आणि कच्चं डुगडुगत लगेच थांबतं, कारण आतला बलक आणि पांढरं मोकळं हलत असतं. आणि गिरकी देऊन पटकन बोट लावून सोडलं तर कच्चं परत थोडं फिरायला लागतं. हे मी भाच्याला लिहिलं, तर तिघंही अंडी फिरवत बसले आणि उत्तर यायला पाच मिनिटं लागली. दोन उकडलेलीच निघाली.

आईस्क्रीमच्या डब्यात आईस्क्रीम नसतं हे कुठल्याही मराठी घरात वाढलेल्याला सांगायला नको. काहीही असू शकतं, भिजवलेले चणे, उरलेली आमटी, खोबरं. ज्याच्या आतलं दिसत नाही ती वस्तू माझ्या हिशोबात नाहीच, उघडून दुसरा फोटो पाठवेपर्यंत.

पांढरं आणि घट्ट

पातेल्यातल्या पांढऱ्यावर मात्र जरा थांबले, कारण फोटो मोठा करून बघितला तर पुष्कळ कळतं. दही लागलेलं असेल तर वरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, चमच्याने काढलेल्या जागी धार स्वच्छ राहते आणि त्या खड्ड्यात थोडं पिवळसर पाणी साठतं. इडली-डोशाचं पीठ आंबलेलं असेल तर वर छोटी छोटी भोकं असतात, मधे जरा फुगवटा असतो, आणि पातेल्याच्या आतल्या बाजूला आधी चढून मग खाली बसल्याची सुकलेली रेघ दिसते. या फोटोत ती रेघ होती. म्हणून मी लिहिलं, ‘पीठ वाटतंय, दही असण्याची शक्यता कमी, बोटाने चोळून बघ, रवाळ लागलं तर पीठ.’

असं ‘वाटतंय’ सरळ लिहून टाकायला संकोच करू नये. नाहीतर समोरचा आपल्या भरवशावर दही समजून पीठच कोशिंबिरीत घालतो, हसायचं काही नाही, झालंय असं एका घरी.

पनीरच्या पाकिटावरची तारीख फोटोत स्पष्ट वाचता येत होती आणि अजून आठवडा बाकी होता. पण ती तारीख न फोडलेल्या पाकिटाची असते! तोंड फोडलं की ती संपली, मग दोन-तीन दिवसांचा मामला. पनीरच्या बाबतीत हात आणि नाक बरंच काम करतात, बोटाला बुळबुळीत लागलं, आंबूस वास आला किंवा पिवळट-गुलाबी ठिपके दिसले तर टाकायचं.

भाताचं प्रकरण

आता मुख्य मुद्दा. भाच्याच्या डोक्यात होतं की भात आहेच, फोडणीचा भात करतो, झालं. बहुतेक लोक हेच सुचवतील. मी सुचवला नाही, निदान पहिला नाही.

कारण असं आहे. मातीत बॅसिलस सेरिअस नावाचा एक जिवाणू असतो आणि तो शेतातूनच तांदळाबरोबर घरी येतो. परिस्थिती वाईट असली की तो स्वतःभोवती टणक कवच करून निपचित पडून राहतो, या अवस्थेला बीजाणू म्हणतात. भात शिजवताना बाकीचे जिवाणू मरतात पण हे बीजाणू तग धरतात. मग भात ओट्यावर कोमट पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यातल्या काही जाती भातात एक विष सोडतात. जिवाणू परत गरम केल्यावर मरतील, पण ते विष मरत नाही. 121 डिग्रीला दीड तास ठेवलं तरी टिकतं असं ते आहे, म्हणजे आपल्या कुकरच्या शिट्ट्यांनाही ते दाद देत नाही, कढईतल्या पाच मिनिटांच्या परतण्याचं तर सोडाच.

म्हणून ‘नीट गरम करून खा’ हा सल्ला इथे पुरत नाही. भात आत्ता किती थंड आहे यापेक्षा तो थंड व्हायला किती वेळ लागला हे महत्त्वाचं. भरलेल्या पातेल्यातला भात वरून गार वाटतो पण मधला गोळा कितीतरी वेळ कोमट असतो. जागतिक आरोग्य संघटना शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका आणि फ्रिजमध्ये 5 डिग्रीच्या खाली ठेवा असं सांगते. ब्रिटनची अन्नसुरक्षा संस्था भाताबद्दल आणखी कडक आहे, शक्यतो तासाभरात थंड करून आत ठेवा आणि एका दिवसात संपवा म्हणते. आपल्याकडच्या मे महिन्यात तर हे आणखी लागू.

आणि फ्रिजच्या डायलवरचे आकडे म्हणजे डिग्री नव्हेत. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा जितका मोठा तितकं जास्त गार, म्हणजे 2 वर ठेवलं म्हणून आत 2 डिग्री आहे असं समजून बसू नका.

फोटोतल्या भाताकडे परत येऊ. बोलच्या कडेची शितं पिवळट, काचेसारखी अर्धपारदर्शक आणि कडक दिसत होती. उघडा भात फ्रिजमध्ये काही तास राहिला की कड अशी सुकते, म्हणजे हा नुकताच ठेवलेला नाही एवढं कळलं. पण आत जायच्या आधी बाहेर किती वेळ होता ते कडेवरून कळायचा मार्ग नाही. म्हणून एकच प्रश्न विचारला, ‘भात कधी केला आणि फ्रिजमध्ये कधी ठेवला, माहितीये का कुणाला?’ उत्तर आलं, ‘काल रात्री केलेला बहुतेक, सकाळी ठेवला वाटतं.’ रात्रभर ओट्यावर. संपला विषय, भात डस्टबिनमध्ये.

मग जेवण काय

भाताचं उत्तर यायच्या आधीच माझा मेसेज गेलेला होता, कारण त्यात भात लागतच नव्हता. कोबी घालून अंडा भुर्जी, पावाबरोबर. पाव फोटोत नव्हता पण खाली कोपऱ्यावर पाव मिळत नाही असा भाग पुण्यात विरळा, आणि नसेल मिळत तर दोन वाट्या तांदूळ कुकरला लावायचा, भुर्जी होईपर्यंत भात होतो. कांदा फ्रिजमध्ये दिसणारच नाही कारण तो टोपलीत असतो, असला तर घाल आणि नसला तर कोबीच कांद्याचं काम करेल, असं सांगितलं.

तिघांसाठी पाच अंडी तशी कमी आहेत, पण कोबी भर घालतो. कोबी जितका बारीक चिरता येईल तितका, साधारण दोन वाट्या. कढईत दोन मोठे चमचे तेल चांगलं तापवून जिरं, दोन मिरच्या, मग कोबी, आणि आच मोठी. यात मीठ आधी घालायचं नाही! मिठाने कोबीला पाणी सुटतं, मग तो परतायच्या ऐवजी उकडतो आणि भुर्जीला तो हॉस्टेलच्या मेसमधला वास येतो. चार-पाच मिनिटांत कडा तांबूस झाल्या की टोमॅटो, हळद, तिखट आणि आता मीठ. टोमॅटो पूर्ण गळून तेल कडेला दिसलं पाहिजे, इथे घाई केली की भुर्जी पाणचट. मग अंडी फोडून घालायची, अर्धं मिनिट हात लावायचा नाही, नंतर हलवायचं, आणि कुठेही ओलं पांढरं दिसेनासं झालं की गॅस बंद, कारण कढईच्या उष्णतेत ती आणखी कोरडी होते. वरून कोथिंबीर, काळी पडलेली पानं काढून टाकून.

त्याखाली मी जोडलं होतं, पातेल्यात पीठ निघालं आणि अगदी नाक मुरडण्याइतकं आंबट नसेल तर पाव आणूच नका, उत्तप्पे घाला आणि वर ही भुर्जी. पनीर बोटाला कोरडं लागलं तर कुस्करून भुर्जीतच टाक. दोन उकडलेली अंडी आजची असतील तर कापून मीठ-मिरपूड लावून बाजूला. यातलं एकही नसलं तरी भुर्जी-पाव होतोच. शेवटी पीठच निघालं, आणि उत्तप्प्याचा फोटो आला, एका बाजूने जरा करपलेला.

‘वास घेतला की कळतं ना?’

हे मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. दूध, पनीर, आमटी यांच्या बाबतीत बऱ्यापैकी कळतं, कारण अन्न नासवणारे जिवाणू आंबटपणा, वास, बुळबुळीतपणा तयार करतात. पण आजारी पाडणारे जिवाणू वेगळे असू शकतात आणि त्यांनी वास सोडलाच पाहिजे असा काही करार नाही. विष तयार झालेला भात वासाला, चवीला चांगला लागू शकतो. म्हणजे घाण वास आला तर नक्की टाका, पण वास नाही म्हणून नक्की चांगलं, असं उलट मात्र होत नाही.

अंडं पाण्यात टाकून बघायची युक्तीही याच प्रकारातली. आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फार जुनं. कवचाच्या बारीक छिद्रांतून पाणी उडतं आणि आतली हवेची पोकळी वाढते म्हणून ते तरंगतं. वय कळतं. आत जिवाणू आहेत की नाहीत ते कळत नाही, त्यासाठी नीट शिजवणं हाच उपाय.

‘आम्ही जन्मभर रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खाल्लाय’

मीही खाल्लाय, आणि आवडतो. बहुतेक वेळा काही होत नाही हेही खरं, कारण दर वेळी तो जिवाणू पुरेसा वाढतोच असं नाही, आणि वाढला तरी विष सोडणारी जात असेलच असं नाही. पण जेव्हा होतं तेव्हा ओळखू येत नाही. खाल्ल्यापासून अर्ध्या ते सहा तासांत मळमळ, ओकाऱ्या, आणि साधारण दिवसभरात माणूस बरा. आपण म्हणतो पित्त उसळलं, जागरण झालं, चहा जास्त झाला. भाताचं नाव कुणी घेत नाही. क्वचित प्रसंगी प्रकरण गंभीरही होतं, लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांच्या ताटात तरी हा जुगार नको.

फोडणीचा भात बंद करा असं म्हणत नाहीये मी. उरलेला भात जेवणं झाल्याझाल्या ताटात पसरायचा, वाफ गेली की झाकून फ्रिजमध्ये. ‘गरम ठेवलं तर फ्रिज खराब होतो’ या भीतीने लोक तो रात्रभर बाहेर ठेवतात. थोडा कोमट भात, पसरट डब्यात, फ्रिजला काही होत नाही. सकाळी फोडणी द्या आणि निवांत खा.

‘मग इतकं फेकत बसायचं का?’

नाही, आणि म्हणूनच दोन शंका वेगळ्या काढायच्या म्हटलं. वरच्या फोटोत फेकलं काय? फक्त भात. कोबीची कड, कोथिंबिरीची पानं, हे तर चिरतानाचं. मऊ टोमॅटो, तोंड फुटलेलं पनीर, वाटीतली अंडी हे सगळं उलट आधी वापरायचं, कारण ते उद्या जास्त वाईट होणार. मी फोटोत पहिल्यांदा तेच शोधते, आज नाही वापरलं तर उद्या जाईल असं काय आहे, आणि ते शक्यतो त्याच रात्रीच्या जेवणात बसवते. अख्खा, न कापलेला कोबी असता तर त्याला हात लावू नका म्हटलं असतं, तो आठवडाभर कुठे जात नाही.

फोटो काढणाऱ्यांसाठी

झाकणं काढून, वरून फोटो काढा, समोरून काढलेल्या फोटोत मागची रांग आणि भांड्यांच्या आतलं काही दिसत नाही. दाराचा कप्पा आणि कांद्या-बटाट्याची टोपली यांचा एकेक फोटो जोडलात तर आम्हाला अंदाज कमी बांधावे लागतील. आणि शिजवलेल्या वस्तूंपुढे कधीची ते लिहा, ‘भात, आज दुपारचा’ एवढं चालेल. माझ्या वहिनीने यावर कागदी चिकटपट्टी आणि मार्कर फ्रिजच्या वर ठेवलाय, डबा आत जाताना त्यावर वार आणि वेळ लिहून जातो. पहिले काही दिवस सगळे हसले तिला, आता घरातला कोणीही न विचारता डबा उघडतो, फक्त आईस्क्रीमच्या डब्यावर अजून कोणी काही लिहीत नाही.